सोळा तासांचं विमान आणि इंटरनेट नाही: फोन, टॅब, हेडफोनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझी बहीण न्यू जर्सीत असते, त्यामुळे आई-बाबांना ठाण्याहून अमेरिकेला पाठवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. व्हिसा, औषधं, लाडवांचे डबे हे सगळं आई बघते. फोन-टॅब मी बघतो. आता सोसायटीतले आणि नात्यातले लोकही निघायच्या आदल्या आठवड्यात फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला सलग जाणारं, पंधरा-सोळा तासांचं विमान आणि त्यात वायफाय नाही, असं धरून लिहिलं आहे. दुबई किंवा लंडनला जाणाऱ्यांनी त्या हिशेबात कमी करून घ्यावं.

समोरच्या सीटला स्क्रीन असतोच ना? मग एवढा खटाटोप कशाला?

असतो, आणि चालू असला तर छानच. पण आई-बाबांच्या पहिल्याच प्रवासात बाबांच्या सीटचा स्क्रीन बंद होता. विमान भरलेलं, जागा बदलून मिळाली नाही, कर्मचाऱ्यांनी दोनदा रीसेट करून पाहिलं आणि सॉरी म्हणून गेले. बाबांनी सोळा तास नकाशासुद्धा न बघता काढले. स्क्रीन चालू असला तरी त्यावर मराठी फारसं काही मिळत नाही. इंग्रजी सिनेमे न बघणाऱ्या माणसाला दोन हिंदी सिनेमे झाले की पुढे काही उरत नाही. स्क्रीन मिळाला तर वरकमाई, असं समजून तयारी करावी.

सोळा तास पुरेल एवढी बॅटरी कोणत्या टॅबमध्ये असते?

सोळा तास लागतच नाहीत. विमान उडून दिवे मंद होईपर्यंत दीड-दोन तास जातात. दोन जेवणं, मधला चहा, बाथरूमची रांग यात आणखी दोन तास. वयस्कर माणसंही तुटक तुटक का होईना, चार-पाच तास झोपतात. प्रत्यक्ष बघणं-ऐकणं उरतं ते सात-आठ तासांचं.

दहा-अकरा इंची टॅबची बॅटरी साधारण ७,००० ते ८,००० एमएएचची असते आणि कंपन्या त्यावर दहा तासांच्या आसपास व्हिडिओ चालेल असं सांगतात. हे नव्या टॅबचं. चार-पाच वर्षं वापरलेल्या टॅबचा आकडा घरीच काढावा लागतो, आणि ते सोपं आहे. टॅब १०० टक्के चार्ज करा, एअरप्लेन मोड लावा, ब्राइटनेस तिसऱ्या हिश्शावर आणा (विमानात अंधारच असतो, तेवढा पुरतो) आणि डाउनलोड केलेला कुठलाही व्हिडिओ एक तास चालवा. मग टक्के बघा. बाबांचा टॅब १०० वरून ८६ वर आला, म्हणजे ताशी १४ टक्के, म्हणजे जेमतेम सात तास. आईचा नवा होता, तो ९१ वर होता. त्यावरून ठरलं की बाबांना खिडकीशेजारची नाही तर चार्जिंगचा सॉकेट चालू असलेली सीट हवी, आणि आईला नसली तरी चालेल. पण सॉकेट चालू आहे की नाही हे आधी कुणीच सांगत नाही, म्हणून पुढचे दोन प्रश्न.

नुसतं ऐकलं तर हिशेब पार बदलतो. स्क्रीन बंद ठेवून ऑडिओबुक किंवा गाणी चालवली की बॅटरी अगदी सावकाश उतरते. बाबांच्या जुन्या टॅबचे सात तास पुरले ते यामुळेच. चार तास बघणं, चार तास ऐकणं.

पॉवर बँक नेली की प्रश्न मिटला, नाही का?

नेता येते, पण विमानात ती वापरता येईल असं आता गृहीत धरू नका. गेल्या वर्ष-दीड वर्षात सगळ्यात जास्त बदललं असेल तर हेच.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं एक विमान उड्डाणाआधीच पेटलं. आग केबिनच्या मागच्या भागात, डोक्यावरच्या कप्प्यात लागली होती आणि संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर एकेक कंपनी नियम कडक करत गेली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरणं आणि ती चार्ज करणं दोन्ही बंद केलं. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून वापर बंद केला. एका प्रवाशाला एकच, १०० वॅट-अवरपेक्षा कमी क्षमतेची पॉवर बँक, आणि तीही वरच्या कप्प्यात नाही, सीटच्या खिशात किंवा सीटखालच्या बॅगेत. भारतात डीजीसीएच्या सूचनाही त्याच वळणाच्या आहेत. कारण समजण्यासारखं आहे. लिथियम बॅटरी तापून पेटली तर ती हाताशी, दिसेल अशी असावी, डोक्यावरच्या बंद कप्प्यात बॅगांखाली नको.

जे नियम बहुतेक सगळीकडे सारखे आहेत ते असे. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यावर नेताच येत नाही. पाकिटावर एमएएचच लिहिलेलं असेल तर त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, चालेल. ३०,००० म्हणजे १११, अडेल. आणि आकडा वाचता येत नसेल, घासून पुसट झाला असेल, तर सिक्युरिटीवाले ती ठेवून घेऊ शकतात. आमच्या शेजारच्या काकूंची अशीच गेली. तीन वर्षं पर्समधल्या किल्ल्यांनी घासून तिच्यावर एक अक्षर उरलं नव्हतं.

मग न्यायची की नाही? एक, १०,००० एमएएचची, न्यावी. विमानासाठी नव्हे, मुंबई विमानतळावरच्या तीन-चार तासांसाठी आणि उतरल्यावर. (१०,००० लिहिलेलं असलं तरी फोनमध्ये पोचतात सहा-साडेसहा हजारच, बाकीचं व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जातं.) गेटवर सगळं १०० टक्के करून घ्यायचं आणि विमानात शिरताना ती बंद करून पायाशी ठेवायची. आपल्या कंपनीचा नियम तिकिटाच्या मेलमध्ये किंवा वेबसाइटवर वाचून घ्या, कारण प्रत्येकीचा थोडा वेगळा आहे.

सीटच्या यूएसबीला टॅब लावला तरी टक्के वाढत नाहीत. टॅब बिघडलाय का?

नाही. सीटचा यूएसबी कमजोर असतो. जुन्या विमानांतल्या चौकोनी यूएसबीतून अनेकदा ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच मिळतात. टॅबवर व्हिडिओ चालू असताना त्याला साधारण तीन वॅट लागतात. येणारं आणि जाणारं जवळजवळ सारखं, म्हणून आकडा तिथेच अडकतो किंवा हळूहळू उतरतो. टॅब बंद करून लावला तर वाढेल, पण रिकामा टॅब त्या वेगाने पूर्ण भरायला तेरा ते पंधरा तास जातील. फोनची बॅटरी लहान, म्हणून तो त्याच सॉकेटवर आठ-दहा तासांत भरतो.

यातून एक सोपी पद्धत निघते. टॅबची बॅटरी उतरायची वाट बघू नका. पहिलं जेवण आलं की टॅब बंद करून सॉकेटला लावा, झोपतानाही लावून ठेवा. पाच तासांच्या झोपेत अडीच वॅटनेही टॅबचे तीस-पस्तीस टक्के परत येतात, आणि बाबांसारख्या जुन्या टॅबला तेवढ्यात दोन-अडीच तास मिळतात.

काही सीटना चार्जरचा पूर्ण सॉकेटही असतो, बहुधा दोन सीटच्या मध्ये, गुडघ्यांच्या खाली. हात घालून चाचपडावं लागतं. तो मिळाला तर घरचाच चार्जर लावा, त्यातून टॅब व्यवस्थित भरतो. अडचण एकच. हजारो प्रवाशांनी वापरून ते सॉकेट सैल झालेले असतात आणि जड चार्जर आपल्या वजनानेच खाली सरकतो. चार्जर लहान आणि हलका न्या. तो लावल्यावर टॅबवर चार्जिंगची खूण दिसते का बघा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा.

केबलचा घोटाळा मात्र सर्रास होतो. नव्या फोनबरोबर येणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना टाइप-सी असतं. विमानातला यूएसबी बऱ्याचदा जुना, चौकोनी. घरी चार केबल पडलेल्या असतात आणि विमानात नेमकी लागणारी बॅगेत नसते. एका टोकाला चौकोनी, दुसऱ्या टोकाला टाइप-सी (जुना आयफोन असेल तर लाइटनिंग) अशी एक केबल आणि टाइप-सीची एक, दोन्ही न्या. आणि लांबी मीटरभर तरी हवी, नाहीतर टॅब गुडघ्यावर येतच नाही.

रात्रभर लावून ठेवला तरी सकाळी ८० टक्केच. असं का?

बॅटरी टिकावी म्हणून फोन स्वतःच थांबतो. सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन, आयफोन १५ पासून पुढे चार्ज लिमिट, अशी सोय सेटिंग्जच्या बॅटरीच्या भागात असते. रोजच्यासाठी ती चांगलीच आहे. फक्त निघायच्या दिवशी बंद करा आणि पोचल्यावर परत चालू करा.

बंद पडलेला फोन घेऊन विमानात बसता येतं?

अमेरिकेला जाणाऱ्या सलग विमानांच्या बाबतीत धोका नको. २०१४ पासून अमेरिकेत प्रवासाची सुरक्षा बघणाऱ्या टीएसएचा असा नियम आहे की परदेशातल्या काही विमानतळांवरून थेट अमेरिकेला येणाऱ्या प्रवाशांना उपकरण चालू करून दाखवायला सांगता येतं. चालू न झालेलं उपकरण अडवलं जाऊ शकतं. त्यामुळे नातवाला दाखवायला नेलेला जुना आयपॅड असला तरी त्यात थोडं चार्जिंग असू द्या.

माझे ब्लूटूथ हेडफोन विमानातल्या स्क्रीनला जोडता येतील?

काही नव्या विमानांत येतात, बहुतेकांत नाही. स्क्रीनला ३.५ मिलिमीटरचं भोक असतं, जुन्या सीटमध्ये दोन भोकंही दिसतात. त्यासाठी साधा वायरचा इअरफोन जवळ असावा. दीडशे-दोनशे रुपयांचाही चालतो, विमानात देतात त्यापेक्षा बराच बरा असतो. ब्लूटूथचा ट्रान्समीटर म्हणून एक लहान डबी मिळते, ती स्क्रीनच्या भोकात लावली की आपले हेडफोन जोडता येतात. पण ती डबीही चार्ज करावी लागते. सांभाळायच्या वस्तूंत आणखी एक वाढते, म्हणून मी आई-बाबांना दिली नाही.

वायरच्या इअरफोनमध्येही एक गोम आहे. आजच्या बऱ्याच फोनला आणि टॅबला गोल भोकच नसतं, म्हणून लोक टाइप-सीचा इअरफोन घेतात. तो चार्जिंगच्याच जागी लागतो. म्हणजे ऐकायचं तर चार्जिंग नाही, चार्ज करायचं तर ऐकणं नाही. म्हणून टॅबसाठी ब्लूटूथ आणि समोरच्या स्क्रीनसाठी वायरचा, अशी वाटणी केली. एअरप्लेन मोड लावल्यावर ब्लूटूथ बंद झालं तर ते वेगळं चालू करता येतं. बहुतेक विमानांत त्याला हरकत नसते.

इअरबड पाच-सहा तासांत संपतात. मग?

पाच-सहा तास हे नव्या बडचं गणित, आवाज दाबणारी सोय चालू असेल तर त्याहून कमी. डबीत परत ठेवले की तास-सव्वा तासात भरतात, आणि डबीतून असे तीन-चार वेळा भरता येतात. म्हणजे जेवताना आणि झोपताना ते डबीत गेलेच पाहिजेत. लोक कानात घालूनच झोपतात, आणि जाग येते तेव्हा बड संपलेले असतात, किंवा एखादा सीटच्या फटीत गेलेला असतो.

लांबच्या प्रवासात कानावर बसणारे मोठे हेडफोन मला बरे वाटतात. एका चार्जमध्ये तीस तास चालणारे सर्रास मिळतात, ते मधे चार्ज करावेच लागत नाहीत. इंजिनाची घरघर दाबणारे असतील तर संवाद ऐकायला आवाज कमी ठेवता येतो. आईला मात्र ते जड होतात आणि अंबाड्यात अडकतात, म्हणून तिला बडच.

एका टॅबवर दोघांना बघायचं आहे.

सॅमसंगमध्ये ड्युअल ऑडिओ आहे, दोन ब्लूटूथ हेडफोन एकाच वेळी जोडता येतात. ॲपलमध्ये शेअर ऑडिओ आहे, पण ते एअरपॉड आणि काही बीट्स हेडफोनवरच चालतं. घरी जोडून बघा. विमानात पहिल्यांदा जोडायला बसलात की शेजारच्याचेच हेडफोन यादीत दिसायला लागतात.

किती डाउनलोड करू? टॅबमध्ये जागा नाही.

आठ तास बघणं धरलं आणि काही गोष्टी आवडणार नाहीत असं मानलं तर बारा तासांचं पुरतं. डाउनलोडची क्वालिटी स्टँडर्डच ठेवा, दहा इंचांवर फरक जाणवत नाही. स्टँडर्डमध्ये तासाला ढोबळ मानाने पाव ते अर्धा जीबी लागतो, म्हणजे बारा तासांना सहा जीबीच्या आत. हायवर टाकलं की त्याच्या दुपटीहून जास्त.

मालिकेचे भाग सिनेमांपेक्षा बरे. वीस-बावीस मिनिटांचा भाग जेवण येईपर्यंत संपतो, झोप लागली तर कुठे होतो हे शोधावं लागत नाही. झी५ वर मराठी मालिका आहेत, तिथून आईने पंधरा भाग घेतले. बाबांना स्टोरीटेलवरची मराठी पुस्तकं. दहा-बारा तासांचं पुस्तक काही शे एमबीत मावतं आणि स्क्रीन बंद ठेवून ऐकता येतं, म्हणून बॅटरीच्या हिशेबात ते सगळ्यात स्वस्त. गाण्यांसाठी स्पॉटिफायचा फुकटचा प्लॅन असेल तर गाणी डाउनलोड होत नाहीत, पॉडकास्ट होतात. पैसे भरून घेतलेला असेल तर गाणी होतात, पण ३० दिवसांतून एकदा तरी ॲप ऑनलाइन उघडावं लागतं.

सगळं डाउनलोड केलं होतं, तरी विमानात चाललं नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा मुदत संपलेली असते. आमच्याकडे हे एकदा झालं आहे, ते नीट सांगतो.

विमान शुक्रवारी रात्री दीडचं होतं, म्हणजे तारखेने शनिवार. मी मंगळवारी बसून आईच्या टॅबवर दोन सिनेमे आणि एका मालिकेचे भाग उतरवले. बुधवारी रात्री नऊला आईने "बघू तरी चालतंय का" म्हणून एक सिनेमा पाच मिनिटं लावला आणि बंद केला. चाललं, म्हणून ती खूश. विमानात तीन तासांनी तोच सिनेमा उघडायला गेली तर मुदत संपल्याची पाटी. इंटरनेट जोडा, म्हणे.

झालं होतं असं. बऱ्याच ओटीटींवर डाउनलोडला दोन मुदती असतात. एक न बघता ठेवून देण्याची, काही दिवसांची किंवा महिन्याभराची. दुसरी एकदा प्ले दाबल्यावर सुरू होणारी, आणि ती अनेक सिनेमांना ४८ तासांची असते. प्राइम व्हिडिओवर आणि नेटफ्लिक्सच्या काही सिनेमांवर हा प्रकार आहे. आईने बुधवारी नऊला प्ले दाबलं, शुक्रवारी रात्री नऊला मुदत संपली. तेव्हा ती विमानतळाच्या वाटेवर होती. पाच मिनिटं बघितलं की पूर्ण बघितलं, याने काही फरक पडत नाही.

यूट्यूबवर प्रीमियम न घेता जे व्हिडिओ उतरवता येतात, त्यांनाही बहुधा ४८ तासांचीच मुदत असते, आणि ती प्ले दाबण्यावर नसून फोन शेवटचा ऑनलाइन कधी होता यावर असते. घरातून निघण्याआधी यूट्यूब एकदा वायफायवर उघडलं की मुदत पुन्हा लांबते.

आणखी दोन कारणं. एकाच खात्यावर दोन-तीन लोकांनी ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त उपकरणांवर डाउनलोड केलं असेल तर ॲप अडवतं. बहिणीचं खातं, आईचा टॅब, भाच्याचा फोन, हा प्रकार. आणि घड्याळ. बाबांना विमानात बसल्या बसल्या अमेरिकेची वेळ लावायची सवय आहे. मनगटावरच्या घड्याळात लावावी. टॅबची वेळ हाताने साडेनऊ-साडेदहा तास मागे नेली तर मुदत मोजणारं ॲप बिथरतं आणि कधीकधी व्हिडिओ उघडतच नाही.

मग तपासायचं कसं? तपासलं की मुदत सुरू होते म्हणता.

रंगीत तालीम करायचीच, फक्त वेळ साधायची. वरच्याच विमानाचं उदाहरण घेऊ. रात्री दीडला उड्डाण, सोळा तास, म्हणजे भारताच्या घड्याळात शनिवारी संध्याकाळी साडेपाचला उतरणार. तालीम शुक्रवारी दुपारी दोनला केली तर ४८ तास रविवारी दुपारी दोनला संपतात. विमानाला बारा तास उशीर झाला तरी पुरतं. गुरुवारी रात्री दहाला केली तर मुदत शनिवारी रात्री दहापर्यंत. विमान वेळेवर असेल तर ठीक, सहा तास उशीर झाला की शेवटचे दीड तास गेले. म्हणून तालीम निघायच्या दिवशीच, दुपारी.

आधी वायफाय चालू असताना प्रत्येक ॲप एकदा उघडा, म्हणजे लॉगिन आणि मुदती ताज्या होतात. मग एअरप्लेन मोड लावा आणि वायफायही बंद झालंय याची खात्री करा. काही फोन एअरप्लेन मोडमध्ये वायफाय चालूच ठेवतात, मग तालीम खोटी ठरते. आता ॲप जबरदस्तीने बंद करून पुन्हा उघडा. हे महत्त्वाचं आहे, कारण उघडं असलेलं ॲप आधीच्या आठवणीवर चालतं आणि इंटरनेट नसल्याचं त्याला कळलेलंच नसतं. डाउनलोडच्या यादीत जा आणि प्रत्येक गोष्ट दहा-पंधरा सेकंद चालवा. मध्येच पुढे सरकवून शेवटचं मिनिटही बघा, डाउनलोड अर्धवट झालेलं असेल तर इथे कळतं. जे चालणार नाही ते काढून पुन्हा उतरवा. दुपारी दोनला त्याला वेळ असतो.

डाउनलोड चालू असताना टॅबचा स्क्रीन बंद झाला की काही ॲप थांबतात. "रात्री लावून झोपलो, सकाळी दोनच भाग आले होते" ही तक्रार मी चार जणांकडून ऐकली आहे. टॅब चार्जरला लावून स्क्रीन जागा ठेवा.

विमानतळाच्या वायफायवर उतरवून घेऊ का?

मुदत संपलेली एखादी गोष्ट ताजी करायला ठीक. सिनेमे उतरवायला नाही. ओटीपी यायचा, वेग कधी असतो कधी नसतो, आणि तोवर बोर्डिंगची घोषणा होते. त्यापेक्षा मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट गाडीत जोडा. फक्त ॲपमध्ये "वायफायवरच डाउनलोड" असं असलं तरी हॉटस्पॉट वायफायच धरला जातो, डेटा त्या मुलाचा जातो.

नातवाचे व्हिडिओ फोनमध्ये आहेत, तेच बघत बसेन.

ते फोनमध्ये आहेत का, ते आधी बघा. गूगल फोटोजमध्ये "जागा मोकळी करा" हे कधी दाबलं असेल तर फोनमध्ये फक्त लहान चित्रं राहतात आणि व्हिडिओ गूगलकडे असतात. चित्र दिसतं, दाबलं की नुसतं गोल गोल फिरतं. हवे ते पंचवीस-तीस व्हिडिओ निवडून डाउनलोड करा. व्हॉट्सॲपवर आलेले आणि एकदा उघडलेले व्हिडिओ बहुधा फोनमध्येच असतात. तालमीत हेही तपासा.

पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेली घरातल्या लग्नाची, मुंजीची चित्रीकरणं टॅबमध्ये टाकून व्हीएलसी या फुकट ॲपमध्ये उघडता येतात. त्यांना मुदत नाही, लॉगिन नाही, काही नाही. आईने परतीच्या प्रवासात माझ्या मुंजीची अख्खी कॅसेट बघितली आणि त्यातले किती जण आता नाहीत याची यादी मला फोनवर सांगितली.

बाबांना ॲप शोधता येत नाहीत.

होम स्क्रीनवर चारच चिन्हं ठेवा, बाकी सगळं मागच्या पानावर ढकला. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टॅबच्या कव्हरमध्ये खोचा: आधी एअरप्लेन मोड, मग ब्लूटूथ, मग ॲप, मग खाली उजवीकडे "डाउनलोड्स". प्रत्येक ॲपमध्ये ती जागा वेगळी असते, म्हणून चिठ्ठीही ॲपगणिक वेगळी लागते. तालीम त्यांच्या हातूनच करून घ्या. आपण करून दाखवलं की ते "हो हो, कळलं" म्हणतात.

फोन सीटच्या फटीत पडला तर?

सीट मागेपुढे करू नका. यंत्रात सापडून बॅटरी चिरडली तर ती पेटू शकते. बटण दाबून कर्मचाऱ्याला बोलवा, त्यांना हे नेहमीचंच असतं.

परतीच्या प्रवासाचं काय?

तीच तालीम पुन्हा, तिकडे. आणि एक लक्षात ठेवा, ओटीटीवरचं सगळं प्रत्येक देशात दिसत नाही. भारतात उतरवलेला एखादा सिनेमा अमेरिकेत ऑनलाइन गेल्यावर यादीत राहतो, पण चालत नाही. सहा महिन्यांनी परतताना जुनी डाउनलोड धरून बसू नका. स्वतःच्या फायली आणि ऑडिओबुक यांचा भरवसा जास्त.

उतरताना फोनमध्ये किती चार्जिंग हवं?

निम्म्याच्या वर. म्हणूनच करमणूक टॅबवर आणि फोन शक्यतो बॅगेत, असं मी आई-बाबांना सांगतो. उतरल्यावर मुलीचा पत्ता, परतीचं तिकीट, इन्शुरन्सचे कागद हे सगळं फोनमध्ये असतं. इमिग्रेशनची रांग कधी दीड-दोन तासांचीही असते आणि तिथे चार्जिंगची सोय शोधत फिरता येत नाही. काउंटरजवळ फोन वापरूही देत नाहीत, म्हणून मुलीचा पत्ता आणि नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवावाच. बाहेर आल्यावर नवीन सिम चालू व्हायला किंवा विमानतळाचं वायफाय जोडायला वेळ लागतो. मागच्या वेळी बाबांचा फोन ६२ टक्के होता. बहीण चुकीच्या दाराशी उभी होती, आणि त्या ६२ टक्क्यांवर दोघांनी एकमेकांना चाळीस मिनिटं "तू कुठेस?", "तुम्ही कुठे आहात?" असं विचारलं.